दीड टक्का की १.४६? एनएससी, पीपीएफ आणि रुपयावरची तारीख

प्रश्न: बाबांनी एप्रिल २०२० मध्ये पोस्टात ५ लाखांची एनएससी घेतली होती, व्याज ६.८ टक्के. एप्रिल २०२५ मध्ये तिचे ६,९४,७४६ रुपये झाले. भाऊ म्हणतो, या पाच वर्षांत महागाई साधारण ५.२६ टक्के होती, म्हणजे खरं व्याज दीड टक्का. मी भागाकाराचं सूत्र लावलं तर १.४६ येतं. कोण बरोबर? दुसरं म्हणजे, मी आता पीपीएफमध्ये दरवर्षी १,२०,००० टाकायचं ठरवलंय. १५ वर्षांनी ते आजच्या पैशात किती असतील?

उत्तर:

तुमचं उत्तर बरोबर आहे. भावाचं चुकलंय असं मात्र मी म्हणणार नाही, कारण त्याने काढलेला आकडाही खरा आहे, फक्त तो वेगळ्या रुपयांतला आहे. हे नीट कळलं की पीपीएफचा हिशेब कुठे फसतो तेही आपोआप कळेल. म्हणून आधी बाबांची एनएससी घेऊ.

रुपयावर तारीख असते असं समजा. मार्च २०२० चा रुपया आणि मार्च २०२५ चा रुपया ही दोन वेगळी नाणी आहेत, आणि त्यांचा विनिमय दर म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक. २०१२ = १०० धरणाऱ्या अखिल भारतीय मालिकेत मार्च २०२० चा निर्देशांक १४८.६ होता आणि मार्च २०२५ चा १९२.०. भागाकार केला तर १.२९२ येतो. म्हणजे २०२० साली जी पिशवी १,००० रुपयांत भरायची, ती भरायला २०२५ मध्ये १,२९२ रुपये लागले.

आता बाबांचे पैसे बघू. ५,००,००० रुपयांची जी खरेदीशक्ती २०२० मध्ये होती, तीच २०२५ मध्ये टिकवायची तर ६,४६,०३० रुपये हवेत. हे व्याज नव्हे, मुद्दल जागेवर ठेवायचा खर्च आहे. पोस्टाने दिले ६,९४,७४६. वर उरले ४८,७१६. पासबुकात १,९४,७४६ रुपये ‘व्याज’ दिसतं, पण त्यातला तीन चतुर्थांश भाग मुद्दलाची झीज भरून काढण्यातच गेला.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि म्हणतात, खरं व्याज ४८,७१६. पण हे ४८,७१६ कुठल्या तारखेचे रुपये आहेत? २०२५ चे. मुद्दल ५,००,००० कुठल्या तारखेचे? २०२० चे. व्याजदर म्हणजे व्याज भागिले मुद्दल, आणि भागताना वरची-खालची नाणी एकच हवीत. म्हणून त्या ४८,७१६ ला पुन्हा १.२९२ ने भागायचं. येतात ३७,७०४ रुपये, २०२० च्या किमतीत. म्हणजे पाच वर्षांत खऱ्या अर्थाने ५,००,००० चे ५,३७,७०४ झाले. एकूण वाढ ७.५४ टक्के, आणि चक्रवाढीने वर्षाला १.४६ टक्के.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र नेमकं हेच सांगतं: (१ + नाममात्र दर) = (१ + वास्तविक दर) × (१ + महागाई). नाममात्र दर म्हणजे पासबुकात दिसणारा, वास्तविक दर म्हणजे खरेदीशक्तीत मिळालेला. ते सूत्र उलटं फिरवलं की

वास्तविक दर = (नाममात्र दर − महागाई) ÷ (१ + महागाई)

असं होतं. इथे वरच्या ओळीत तुमच्या भावाची वजाबाकी जशीच्या तशी बसली आहे. राहिलाय तो फक्त खालचा भागाकार, म्हणजे वर्षअखेरचे रुपये वर्षाच्या सुरुवातीच्या रुपयांत आणणं.

एक्सेलमध्ये करायचं तर आधी पाच वर्षांची सरासरी महागाई काढा, मग भागा:

```
=(192/148.6)^(1/5)-1
=(1+6.8%)/(1+5.258%)-1
```

पहिल्या ओळीचं उत्तर ५.२५८ टक्के, दुसरीचं १.४६५.

भावाची वजाबाकी कुठे चालते, तेही सांगतो, कारण एका बाबतीत भागाकारापेक्षा तीच सोयीची पडते. काही छोट्या विश्वस्त निधींचे हिशेब माझ्याकडे असतात. शाळांमधल्या ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ पारितोषिकांच्या ठेवी तुम्ही पाहिल्या असतील. समजा १,००,००० ची ठेव आहे, व्याज ७ टक्के, महागाई ५ टक्के. वर्षअखेर ७,००० व्याज आलं. पारितोषिक किती द्यायचं? मुद्दलाची किंमत टिकवायला ५,००० ठेवीतच जमा करावे लागतील, उरले २,०००. ते द्या. हे २,००० म्हणजे सरळ ७ वजा ५, आणि ते वर्षअखेरचेच रुपये आहेत, कारण पुस्तकं आणि पेनं त्याच दिवशी त्याच भावाने आणायची आहेत. पुढच्या वर्षी ठेव १,०५,०००, व्याज ७,३५०, त्यातले ५,२५० परत ठेवीत, आणि पारितोषिक २,१००. पारितोषिकाची रक्कम महागाईच्या चालीने वाढत राहते. सूत्राने काढलेला वास्तविक दर १.९ टक्के येतो, म्हणजे १,९०५ रुपये. पण ते वर्षाच्या सुरुवातीचे रुपये. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी सगळे ७,००० वाटून टाकतात. पहिल्या वर्षी त्या पैशांनी एखाद्या मुलीच्या सायकलीला हातभार लागतो. १५ वर्षांनी तेच ७,००० आजच्या ३,३६७ रुपयांएवढे उरलेले असतात. ठरावाच्या वहीत लिहिलेलं असतं ‘मुद्दलास हात न लावता’, आणि हात तर दरवर्षी लागत असतो. पुढे एका स्नेहसंमेलनात ५१ रुपयांचं पाकीट देताना प्रमुख पाहुणेच संकोचतात. ती ठेव कोणी चोरलेली नसते.

वजाबाकी साफ फसते ती महागाई मोठी असते तेव्हा. ५ टक्क्यांना भागलं तर आकड्यात फारसा फरक पडत नाही, कारण १.०५ म्हणजे जवळपास एकच. तुर्कस्तानचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली अधिकृत वार्षिक महागाई ८५.५१ टक्के होती. त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर २०२१ मध्ये, मध्यवर्ती बँकेने धोरण दर १६ टक्क्यांवर आणला होता. समजा एखाद्याने त्याच १६ टक्क्यांनी वर्षभर लिरा ठेवले. वजाबाकी सांगते की त्याची ६९.५ टक्के खरेदीशक्ती गेली. खरा हिशेब १.१६ भागिले १.८५५१, म्हणजे ०.६२५. गेली ३७.५ टक्के. तोटा भयानकच आहे, पण वजाबाकीने तो जवळजवळ दुप्पट दाखवला. महागाई १५० टक्के झाली तर वजाबाकी म्हणेल की १३४ टक्के तोटा झाला, म्हणजे असलेले पैसे गेलेच, वर देणंही लागलं. पेटीत ठेवलेल्या नोटांवर कधी देणं लागत नाही. आकडा उणे १०० च्या खाली गेला की कुठेतरी भागायचं राहिलंय, हे तेवढ्यावरूनच ओळखा.

तर मग ५ टक्क्यांच्या महागाईत तुमच्या-भावाच्या भांडणात पणाला काय लागलंय? १.५४ आणि १.४६ यांतला ०.०८ टक्के. आता जरा कडू लागेल असं सांगतो. या ०.०८ पेक्षा कितीतरी मोठी चूक तुम्हा दोघांकडूनही ‘५.२६’ हा आकडा निवडताना झाली असती, आणि तुम्हाला कळलंही नसतं.

मी वर मार्च ते मार्च निर्देशांक घेतला. का? एनएससी १ एप्रिलच्या सुमारास घेतली, म्हणजे तेव्हा बाजारात मार्चचेच भाव होते. पण कोणी म्हणेल, एप्रिलची खरेदी आहे तर एप्रिल ते एप्रिल घ्या. एप्रिल २०२० चा निर्देशांक १५१.४, एप्रिल २०२५ चा १९२.६. भागाकार १.२७२. त्याने वास्तविक दर येतो १.७८ टक्के. एक महिना सरकवला आणि उत्तर ०.३ टक्क्यांनी वर गेलं, म्हणजे ज्यावर तुम्ही भांडताय त्याच्या चौपट. कारण साधं आहे. १९ मार्च २०२० पासून कोरोनाच्या साथीमुळे, आणि मग टाळेबंदीमुळे, भाव गोळा करणारे कर्मचारी बाजारात जाऊ शकले नाहीत. एप्रिल आणि मे चे निर्देशांक नंतर अंदाजाने भरून काढले गेले, आणि त्यात खाद्यपदार्थांचा उसळलेला भाव दिसतो. सुरुवातीचा निर्देशांक फुगलेला असला की पुढची महागाई कमी दिसते. म्हणून सुरुवातीचा किंवा शेवटचा महिना विचित्र असेल तर आजूबाजूचे दोन-तीन महिने बघावेत आणि एकाच आकड्याला चिकटू नये. मी मार्च घेतला, कारण त्या महिन्यातले बरेचसे भाव टाळेबंदीआधी गोळा झाले होते.

दुसरी चूक अधिक सर्रास होते. वर्तमानपत्रात ‘वर्षाची सरासरी महागाई’ छापून येते: २०२०-२१ साठी ६.२, मग ५.५, ६.७, ५.४ आणि २०२४-२५ साठी ४.६. हे पाच आकडे चक्रवाढीने जोडून सूत्रात घातले तर वास्तविक दर १.०६ टक्केच येतो. आकडे खोटे नाहीत, पण ते वेगळ्या काळाचे आहेत. २०२०-२१ ची सरासरी महागाई म्हणजे त्या वर्षाच्या बारा महिन्यांच्या सरासरी निर्देशांकाची आधीच्या वर्षाच्या सरासरीशी तुलना. म्हणजे ती मोजणी साधारण २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून सुरू होते आणि २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरला संपते. बाबांचे पैसे तर एप्रिल २०२० ते एप्रिल २०२५ पोस्टात होते. टोकाला टोक जुळत नाही. माझा नियम असा की ठेवीच्या हिशेबात महागाईचे टक्के वापरायचेच नाहीत, दोन तारखांचे निर्देशांक घ्यायचे आणि थेट भागायचं. टक्के नंतर काढता येतात.

निर्देशांक घेताना मालिका मात्र एकच असावी. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचा पाया २००१ वरून २०१६ वर नेला तेव्हा जोडगुणक २.८८ ठरला. नव्या मालिकेतला आकडा २.८८ ने गुणल्याशिवाय जुन्याशी भागला तर महागाई उणे साठ-पासष्ट टक्के निघेल. इतकी ढोबळ चूक निदान दिसते तरी.

आता कर. तुमच्या प्रश्नात तो नव्हता, पण एनएससीच्या बाबतीत तो सोडून चालणार नाही. कर लागतो तो ६.८ टक्क्यांवर, १.४६ वर नाही. मुद्दलाची झीज भरून काढणारं जे व्याज, तेही आयकराच्या दृष्टीने उत्पन्नच. समजा बाबा २० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत, उपकर धरून २०.८ टक्के. मग करोत्तर दर ५.३९ टक्के उरतो. तो ५.२५८ च्या महागाईसमोर ठेवला तर वास्तविक दर ०.१२ टक्के. पाच वर्षांनी हातात सुमारे ६,५०,०००, आणि मुद्दल टिकवायला लागतात ६,४६,०३०. उरले जेमतेम ४,०००. म्हणजे कर म्हणायला २० टक्के, पण खऱ्या व्याजातला ९० टक्क्यांहून जास्त भाग त्याने नेला. ३० टक्क्यांच्या टप्प्यात हातात सुमारे ६,२८,४०० येतात, म्हणजे मुद्दलच १७,६०० रुपयांनी कमी झालं. इथे मी धरलंय की कर दरवर्षी त्याच पैशातून गेला. प्रत्यक्षात तो खिशातून भरला असेल, किंवा जुन्या करपद्धतीत पहिल्या चार वर्षांच्या व्याजाला ८०सी खाली वजावट मिळाली असेल, तर आकडे बदलतील. वडिलांचं उत्पन्नच करपात्र नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या, तुमचा १.४६ कायम.

पाचही वर्षं सारखी नव्हती, हेही बघून घ्या. व्याज ठरलेलं होतं, ६.८. पण मार्च ते मार्च महागाई दुसऱ्या वर्षी ६.९५ झाली आणि त्या वर्षी वास्तविक दर उणे ०.१४ गेला. शेवटच्या वर्षी महागाई ३.३ वर उतरली आणि वास्तविक दर ३.३५ झाला. पाच वर्षांच्या एकूण कमाईतला जवळपास निम्मा भाग त्या एका शेवटच्या वर्षाने दिला. ठेव घेताना पोस्टाने ६.८ चं वचन दिलं होतं. १.४६ चं वचन कोणी दिलं नव्हतं, ते नंतर कळलं.

हे लक्षात ठेवून आता तुमच्या पीपीएफकडे वळू. पुढच्या १५ वर्षांचा व्याजदर आणि महागाई दोन्ही आपल्याला धरून चालावी लागणार. सरकार पीपीएफचा दर दर तिमाहीला जाहीर करतं. एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्क्यांवर स्थिरावला, म्हणून ७.१ घेऊ. महागाई ५ धरू. १.०७१ भागिले १.०५ म्हणजे १.०२. वास्तविक दर अगदी नेमका २ टक्के, पुढचा हिशेब डोक्यात बसायलाही सोपा. पीपीएफचं व्याज करमुक्त आहे, त्यामुळे करासाठी काही वजा करायला नको.

आता बहुतेक लोक जे करतात ते मी तुम्हाला करून दाखवतो. ते म्हणतात, आजच्या पैशात उत्तर हवंय ना, मग वास्तविक दर वापरा. दर २ टक्के, १५ वर्षं, हप्ता १,२०,००० दरवर्षी सुरुवातीला. उत्तर २१,१६,७१४. छान दिसतं. आणि ते चूक आहे, साडेपाच लाखांनी चूक.

कारण तो हिशेब असं धरून चालतो की प्रत्येक हप्ता आजच्या १,२०,००० रुपयांएवढा आहे. तुमचा हप्ता तसा नाही. पहिला आहे. दुसरा वर्षाने भरला जाईल, तेव्हाचे १,२०,००० म्हणजे आजचे १,१४,२८६. आणि पंधरावा, जो १४ वर्षांनी भरायचा आहे, तो आजच्या ६०,६०८ रुपयांएवढाच. दर बरोबर होता, पण हप्त्यांवरची तारीख बघायची राहिली. दराला महागाईतून काढलं आणि हप्त्यांना मात्र तसंच ठेवलं.

बरोबर रस्ता असा. सगळा हिशेब आधी साध्या रुपयांत करा, म्हणजे नाममात्र दराने नाममात्र हप्ते. पासबुकात जे दिसेल ते काढा. मग शेवटी एकदाच भागा:

```
=FV(7.1%,15,-120000,0,1)
=FV(7.1%,15,-120000,0,1)/1.05^15
```

शेवटचा १ म्हणजे हप्ता वर्षाच्या सुरुवातीला, ५ एप्रिलच्या आत भरला. महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या रकमेला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही, म्हणून ती सवय लावून घ्या. पहिली ओळ ३२,५४,५६७ देते, दुसरी १५,६५,५०२.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: १५ वर्षांनी पासबुकात साडेबत्तीस लाख, आजच्या पैशात सुमारे १५ लाख ६५ हजार. तुम्ही भरलेत १८ लाख. ‘१८ लाख भरून १५.६५ लाखच मिळाले’ असं वाटून दचकू नका. तीही तारखेचीच गफलत आहे. ते १८ लाख वेगवेगळ्या वर्षांचे रुपये आहेत. सगळे हप्ते आजच्या रुपयांत आणले तर बेरीज १३,०७,८३७ येते. तेवढ्याचे १५,६५,५०२ झाले, म्हणजे खरी कमाई सुमारे २ लाख ५८ हजार. २ टक्के वास्तविक दराने, आणि सरासरी नऊएक वर्षं पैसे पडून राहिले तर, साधारण एवढंच व्हायला हवं.

मग २१ लाख १७ हजार हा आकडा कधी खरा ठरतो? हप्ता दरवर्षी महागाईबरोबर ५ टक्क्यांनी वाढवलात तर. पहिल्या वर्षी १,२०,०००, दुसऱ्या वर्षी १,२६,०००, तिसऱ्या वर्षी १,३२,३००. तेव्हा प्रत्येक हप्ता आजच्या १,२०,००० चाच राहतो आणि २ टक्क्यांचं सूत्र तंतोतंत लागू होतं. पगार महागाईबरोबर वाढतच असेल तर हे फार जड जाऊ नये. घोडं अडतं ते पीपीएफच्या मर्यादेपाशी. वर्षाला १,५०,००० च्या वर भरता येत नाही. सहाव्या वर्षी तुमचा हप्ता १,५३,१५४ होतो आणि तिथे दार बंद. ही मर्यादा २०१४ पासून तेवढीच आहे. तिच्यावरही महागाईने हात फिरवलाय, पण ती निर्देशांकाला बांधलेली नाही. सहाव्या वर्षापासूनचा वरचा भाग दुसरीकडे वळवावा लागेल, आणि तिथे कर लागत असेल तर त्या भागाचा वास्तविक दर २ टक्के राहणार नाही. एनएससीचा करानंतर काय झाला ते वर पाहिलंच.

या १५.६५ लाखांवर किती भरवसा ठेवायचा? महागाई ५ ऐवजी ६ निघाली, व्याज ७.१ च राहिलं, तर पासबुकात तोच ३२,५४,५६७ चा आकडा छापून येईल, आणि आजच्या पैशात तो १३,५८,००० चा असेल. एका टक्क्याने दोन लाख गेले. वास्तविक दर २ वरून जवळजवळ १ वर आला, म्हणजे महागाई एक पंचमांशाने वाढली आणि खरा दर निम्मा झाला. लहान आकडा दोन मोठ्या आकड्यांच्या फरकातून येतो तेव्हा असंच होतं. त्यामुळे १५ वर्षांनंतरच्या आकड्यात मी हजारापर्यंतही जात नाही. १३ ते १६ लाख एवढंच धरतो, आणि घरात तसंच सांगतो.

ही महागाईसुद्धा देशाची सरासरी आहे. २०१२ च्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांना जवळपास ४६ टक्के वजन होतं, आरोग्याला सहाच्या आत. साठीपुढच्या घरात औषधं आणि डॉक्टर यांचा वाटा याहून मोठा असतो, शिकत्या मुलांच्या घरात फीचा. बाबांचं खरं व्याज काढताना मी राष्ट्रीय निर्देशांकच घेतला, कारण दुसरं विश्वासार्ह मोजमाप हाताशी नाही. पण त्यांच्या औषधांच्या पावत्या असतील तर २०२० च्या आणि २०२५ च्या दोन-तीन समोरासमोर ठेवून भागून बघा. १.२९ च्या आसपास येतंय की बरंच वर, तेवढं कळलं तरी पुरे.

पीपीएफसाठी माझ्याकडच्या लोकांना मी एक साधा तक्ता देतो. दर एप्रिलला एक ओळ. पहिल्या रकान्यात ३१ मार्चची पासबुकातली शिल्लक, दुसऱ्यात त्या मार्चचा निर्देशांक, तिसऱ्यात शिल्लक भागिले हा निर्देशांक गुणिले सुरुवातीच्या मार्चचा निर्देशांक. चौथ्या रकान्यात त्या वर्षीचा हप्ता, तोही तसाच, पण आधीच्या मार्चच्या निर्देशांकाने, सुरुवातीच्या रुपयांत आणलेला. १५ वर्षांचा अंदाज एकदा करून पाकिटात ठेवण्यापेक्षा हा तक्ता उपयोगी, कारण तिसऱ्या रकान्यातली वाढ चौथ्यातल्या हप्त्यापेक्षा कमी दिसली की त्या वर्षी महागाई व्याजाच्या पुढे गेली हे लगेच समजतं. २०२१-२२ ची ओळ कोणाच्या तक्त्यात असेल तर तिथे ७.१ समोर ६.९५ होती, तिसरा रकाना हप्त्याव्यतिरिक्त जेमतेम हललेला दिसेल.